अ‍ॅव्हरेज किती, आणि गाडी उभी किती दिवस?

पुण्यात घरोघरी डिलिव्हरी देणारा माणूस गाडी घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? प्रश्न बरोबरच आहे. मात्र शोरूममध्ये सांगितला जाणारा आकडा ठरवून केलेल्या चाचणीतून आलेला असतो. हडपसर ते खराडी अशा रस्त्यावर, दर दोन मिनिटांनी सिग्नल आणि मागे भरलेली बॅग असताना तोच आकडा हाती पडत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. दिवसाला 100 किलोमीटर आणि महिन्याला 26 दिवस काम, म्हणजे महिन्याला 2,600 किलोमीटर. पेट्रोल 105 रुपये लिटर धरू. शहरात 45 चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या स्कूटरला किंवा दीडशे सीसीच्या बाइकला साधारण 58 लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. 60 देणाऱ्या शंभर सीसीच्या बाइकला 43 लिटर पुरेल, खर्च साडेचार हजार. महिन्याला दीड हजार वाचले.

आता 60 ऐवजी 70 देणारी गाडी घेतली तर? वाचतात जेमतेम साडेसहाशे. 45 वरून 60 वर जाण्यात जेवढा फायदा आहे, त्याच्या निम्माही पुढच्या दहात नाही. म्हणून साठीच्या पुढे गेल्यावर आकड्यांसाठी भांडण्यापेक्षा दुरुस्तीकडे पाहावं.

कारण दुरुस्ती इथे फार लवकर दारात येते. वर्षाला 31,000 किलोमीटर म्हणजे ऑफिसला जाऊन येणाऱ्याची तीन-चार वर्षांची धाव. चेन आणि स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, मागचा टायर हे सगळं एकापाठोपाठ बदलायला येतं. वॉरंटीही वर्षांपेक्षा किलोमीटरवर आधी संपते, आणि धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला काही वेळा वेगळी, कमी मर्यादा असते. वॉरंटी कार्डावरचा तो बारीक मजकूर पैसे भरण्याआधी वाचून घ्यावा. शिवाय गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या दिवसाची कमाईही गेली. म्हणून ज्या गाडीचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि जी कुठलाही मिस्त्री डोळे झाकून उघडतो, ती गाडी या कामासाठी चांगली.

हीरो स्प्लेंडर, बजाज प्लॅटिना, होंडा शाइन 100 या गाड्या या कामात सारख्या दिसतात, त्यामागे हेच आहे. इंजिन साधं, हवेवर थंड होणारं. स्प्लेंडरच्या चेनवर पूर्ण झाकण असतं. पावसाळ्यात चिखल उडतो तेव्हा त्याची किंमत कळते, कारण उघडी चेन चिखल-वाळूने लवकर झिजते. झीज ओळखणं सोपं आहे: मागच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकडे झाले, किंवा चेन बोटाने मागे ओढल्यावर दातांवरून सुटून वर येऊ लागली, की पूर्ण सेट बदलायचा. नुसती चेन बदलली तर जुने दात नव्या चेनला खातात.

स्कूटरची बाजूही ऐकायला हवी. गिअर नाही, क्लच दाबून डावा हात दुखत नाही, किराण्याची पिशवी पायाशी ठेवता येते. पण आतला रबरी बेल्ट आणि रोलर साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरवर बदलावे लागतात, म्हणजे या कामात वर्षाच्या आतच. बेल्ट वाटेत तुटला तर गाडी ढकलण्याशिवाय गत्यंतर नाही. दिवसभरात पन्नासेक किलोमीटरच होत असतील आणि बहुतेक ऑर्डरी किराण्याच्या असतील, तर तरीही स्कूटर परवडते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 नियमांमुळे शंभर सीसीच्या गाड्यांतही बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून टाकी कायम तळाशी ठेवली तर पंप तापतो आणि लवकर जातो. तो बदलायचा खर्च कार्बोरेटर साफ करण्यासारखा किरकोळ नसतो. टाकी पाव भरलेली ठेवणं एवढाच त्यावर उपाय.

जुनी गाडी घेणाऱ्याने ती सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेली गाडी बरेच दोष लपवते. सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि थांबेना, तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेलेली असू शकतात. बीएस-6 गाडीत चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल, तर बिघाड झाकण्यासाठी कुणीतरी त्याची वायर काढली असण्याची शक्यता असते, आणि अशी गाडी स्कॅनर लावून तपासल्याशिवाय घेऊ नये.