नकोशा सहकाऱ्याला किती गुण?

आजवर ज्यांच्यासोबत काम केलं त्या सगळ्यांतून असा एक माणूस आठवा, ज्याच्याबरोबर काम तडीस नेणं तुम्हाला सर्वांत जड गेलं. आता त्याचं वर्णन करायचं आहे. एका टोकाला ‘प्रसन्न’, दुसऱ्या टोकाला ‘त्रासदायक’, मध्ये आठ पायऱ्या. तसंच ‘मनमिळाऊ’ आणि ‘तुसडा’, ‘सहकार्य करणारा’ आणि ‘आडमुठा’. चांगल्या टोकाला आठ गुण, वाईट टोकाला एक. अशा अठरा जोड्या असतील, तर बेरीज १८ ते १४४ यांच्या दरम्यान कुठेतरी येते. एखादा या माणसाला जवळजवळ सगळीकडे दोनच गुण देतो आणि ३६वर थांबतो. दुसरा म्हणतो, ‘याच्याबरोबर काम जमत नाही हे खरं, पण माणूस वाईट नाही,’ आणि त्याची बेरीज नव्वदपर्यंत जाते.

फ्रेड फीडलर या मानसशास्त्रज्ञाच्या मते या बेरजेतून त्या सहकाऱ्याबद्दल फारसं कळत नाही, कळतं ते गुण देणाऱ्याबद्दल. कामात आडवा येणारा माणूस ज्याला सर्वच बाबतींत वाईट दिसतो, त्याच्या मनात कामाला पहिलं स्थान असतं. ज्याला काम आणि माणूस वेगळे करता येतात, तो नात्यांना जपणारा. या मोजपट्टीला एलपीसी म्हणतात, म्हणजे सर्वांत कमी पसंतीचा सहकारी.

फीडलर १९२२ साली व्हिएन्नात जन्मले, नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर अमेरिकेत आले आणि १९५१पासून इलिनॉय विद्यापीठात गटांचा अभ्यास करू लागले. त्याआधी त्यांनी मनोविकारांवर उपचार करणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यामुळे आपुलकीने वागणाऱ्या नेत्याचा गट सरस ठरेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. पण शाळांच्या बास्केटबॉल संघांत उलटंच दिसलं: जिंकणाऱ्या संघांचे म्होरके नकोशा सहकाऱ्याला कठोरपणे कमी गुण देणारे निघाले. पुढे बॉम्बफेकी विमानांचे चमू, रणगाड्यांचे चमू, अशा निरनिराळ्या गटांत हाच संबंध कधी सुलट, कधी उलट येत राहिला. या विसंगतीला चूक समजून त्यांनी बाजूला सारलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. गट कोणत्या परिस्थितीत काम करतो, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि १९६४मध्ये आपला प्रसंगसापेक्ष सिद्धांत मांडला.

परिस्थिती नेत्याला किती अनुकूल आहे, हे त्यात तीन गोष्टींवरून ठरतं. पहिली आणि सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे गटाचा नेत्यावर विश्वास आहे का. दुसरी, काम किती आखीव आहे: ध्येय स्पष्ट आहे का, करण्याची रीत ठरलेली आहे का, बरोबर-चूक तपासता येतं का. तिसरी, पदाबरोबर बक्षीस-शिक्षेचे अधिकार किती येतात. अधिकाराचं वजन तिन्हींत सर्वांत कमी, हे पदासाठी झगडणाऱ्या कुणालाही पटवणं कठीण जाईल.

हे सगळं एकत्र पाहण्यासाठी फीडलर बेल्जियमच्या नौदलाकडे गेले. तिथे डच बोलणारे फ्लेमिश आणि फ्रेंच बोलणारे वालून यांच्यातली तेढ तेव्हा ताजी होती. प्रयोगासाठी तिघा-तिघांचे ९६ गट केले. निम्म्या गटांचा नेता मुरलेला कनिष्ठ अधिकारी, निम्म्यांचा नवा रंगरूट. निम्मे गट एका भाषेचे, निम्म्यांत दोन्ही भाषांची माणसं. कामंही दोन तऱ्हांची. अनेक बंदरांना लागून जाणाऱ्या जहाजासाठी सर्वांत जवळचा मार्ग काढणं हे आखीव काम. उत्तर मोजून तपासता येतं. तरुणांना नौदलात येण्याचं आवाहन करणारं पत्र लिहिणं हे मोकळं काम. चांगलं पत्र कोणतं, याचं एकच उत्तर नसतं.

दोन टोकं डोळ्यांसमोर आणा. एकीकडे अधिकारी, त्याच्याच भाषेचे दोघे सहकारी, त्यांचा त्याच्यावर भरवसा आणि हातात नकाशावरचं काम. दुसरीकडे रंगरूट, परकी भाषा बोलणारे आणि त्याला न मानणारे सहकारी, आणि ते मोकळं पत्र. या दोन्ही टोकांना कामाला प्राधान्य देणाऱ्या नेत्यांचे गट सरस ठरण्याकडे कल दिसला. मधल्या, अर्धवट अनुकूल परिस्थितीत नाती जपणाऱ्यांचे गट पुढे गेले. सर्वांत धक्कादायक गोष्ट वेगळीच होती: अनुभवी अधिकाऱ्यांचे गट एकंदरीत रंगरूटांच्या गटांपेक्षा चांगले ठरले नाहीत.

असं का व्हावं? सगळं सुरळीत असतं तेव्हा कामावर जीव असलेल्या नेत्याची चिंता मिटते. तो मोकळा होतो, माणसांशीही बरा वागतो. सगळंच विस्कटलेलं असतं तेव्हा कुणीतरी ‘हे असं करा’ म्हणावं लागतं आणि तो ते म्हणतो. नाती जपणारा अशा वेळी गटाचा आधार शोधत बसतो. पण मधल्या स्थितीत, जिथे लोक थोडे नाराज आहेत किंवा कामाचा रस्ता सापडलेला नाही, तिथे सर्वांचं बोलणं ऐकून घेणाराच वाट काढतो. घाई करणारा तिथे लोकांना आणखी दूर लोटतो.

फीडलरना वाटे की माणसाची ही घडण सहज बदलत नाही. म्हणून परिस्थिती बदलावी. कामाच्या सूचना अधिक नेमक्या कराव्यात, अधिकार वाढवावेत किंवा कमी करावेत, गटातली माणसं बदलावीत. यातून एक अडचणीचा निष्कर्षही निघतो. प्रशिक्षणाने काम नेत्याला अधिक आखीव वाटू लागतं, म्हणजेच परिस्थिती अनुकूल होते. मधल्या स्थितीत छान चाललेला, नाती जपणारा नेता प्रशिक्षणानंतर मागे पडू शकतो. काम आपोआप चालू लागलं की तो नको तिथे लक्ष घालतो, वरिष्ठांवर छाप पाडण्याकडे वळतो.

सिद्धांताच्या मर्यादाही ठळक आहेत. एलपीसी नेमकं काय मोजतं, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही, आणि ज्यांची बेरीज मध्यावर येते त्यांच्याबद्दल सिद्धांत फारसं सांगत नाही. १९७०च्या सुमारास टीकाकारांनी दाखवून दिलं की अनेक निष्कर्ष फार थोड्या गटांवर उभे आहेत. त्यानंतर कितीतरी अभ्यास एकत्र करून पुन्हा हिशेब मांडले गेले. त्यांतून सिद्धांताला एकंदर आधार मिळाला, पण प्रयोगशाळेत तो जितका नीट बसतो तितका प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी बसत नाही. शिवाय एकच मोजमाप त्रास देतं: गट चांगलं काम करतो म्हणून नेत्याशी नातं चांगलं आहे, की नातं चांगलं आहे म्हणून काम चांगलं होतं? गटाचा निकाल लागल्यानंतर नेत्याला ‘तुमचे संबंध कसे आहेत?’ असं विचारलं, तर जिंकलेला नेता ते गोडच सांगणार. म्हणून हा प्रश्न काम सुरू होण्याआधी, आणि शक्य तर नेत्याऐवजी गटातल्या माणसांना विचारावा लागतो.