एकच दिशा उरते तेव्हा

दहावीत वर्गसमीकरण सोडवताना कधीकधी दोन्ही मुळे सारखीच येतात. विवेचक शून्य निघतो, आपण ‘मुळे वास्तव व समान’ असे लिहितो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. तिथे त्या समान मुळांमुळे काहीच अडत नाही. पुढे कॉलेजात मॅट्रिक्स शिकताना मात्र नेमक्या याच जागी गाडी थांबते. ती का थांबते आणि पुढे कशी न्यायची, हे मला एका छोट्या उदाहरणावरून सांगायचे आहे. आकडे इतके साधे घेतले आहेत की कागदाच्या एका कोपऱ्यात सगळे मावेल.

```
A = [  3  1 ]
    [ -1  1 ]
```

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा नुसता तक्ता नव्हे. ती बाणांवर चालणारी एक क्रिया आहे. प्रतलात आरंभबिंदूपासून (x, y) पर्यंत एक बाण काढा. आपली मॅट्रिक्स त्याला (3x + y, −x + y) इथे नेऊन ठेवते. (1, 0) हा आडवा बाण (3, −1) वर जातो, म्हणजे लांब होतो आणि खाली कलतो. (0, 1) हा उभा बाण (1, 1) वर जातो, म्हणजे उजवीकडे झुकतो. बहुतेक सगळे बाण असे आपली दिशा सोडतात. पण (1, −1) घेऊन पाहा. त्याचे (2, −2) होते. दिशा तीच राहते, लांबी फक्त दुप्पट होते. अशा बाणाला त्या मॅट्रिक्सचा आयगेनसदिश म्हणतात आणि तो जितक्या पटीने ताणला जातो त्या पटीला आयगेनमूल्य. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द आहे, त्याचा अर्थ ‘स्वतःचा’.

प्रतलात अशा दोन वेगवेगळ्या दिशा सापडल्या तर काम फार सोपे होते. त्या दिशांनाच अक्ष मानायचे. मग मॅट्रिक्स एका अक्षावर एका पटीने ताणते, दुसऱ्यावर दुसऱ्या पटीने, आणि दोन्ही अक्षांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. आकडे फक्त कर्णावर राहतात, बाकी सगळी शून्ये. यालाच मॅट्रिक्स कर्णरूपात आणणे म्हणतात.

आपल्या A च्या पटी शोधू. कर्णावरच्या दोन्ही आकड्यांतून k वजा करायचा आणि निश्चयक शून्य मानायचा:

```
(3 - k)(1 - k) + 1 = k² - 4k + 4 = (k - 2)²
```

मुळे समान आली, दोन्ही २. आता दिशा शोधण्यासाठी A मधून 2I वजा करू. I म्हणजे कर्णावर १ आणि बाकी शून्य असलेली मॅट्रिक्स. जे उरते त्याला N म्हणू.

```
N = [  1   1 ]
    [ -1  -1 ]
```

N ज्या बाणाला शून्य करते तो आयगेनसदिश. वरची ओळ सांगते x + y = 0. खालची ओळही तेच सांगते, चिन्ह बदलून. म्हणजे (1, −1) ची रेषा सापडली, आणि दुसरी कुठलीच नाही. मूळ दोनदा आले, दिशा मात्र एकच मिळाली.

इथे अनेक विद्यार्थी लिहितात, ‘मूळ दुबार आले, म्हणून कर्णरूप होत नाही.’ हे कारण बरोबर नाही. 2I चे मूळही दुबारच आहे, पण ती जन्मतःच कर्णरूपात आहे. खरे कारण वेगळे आहे. समजा, आपली A कुठल्यातरी अक्षांवर कर्णरूप झाली. तिचे आयगेनमूल्य २ सोडून दुसरे नाही, तेव्हा कर्णावर २ आणि २ च येणार, म्हणजे त्या अक्षांवरून ती 2I दिसणार. पण 2I सगळ्या बाणांना सारखेच दुप्पट करते. तिच्याकडे कुठल्याही अक्षांवरून पाहा, ती 2I च दिसते. म्हणजे आपली A आधीपासूनच 2I असायला हवी होती, आणि ती तशी नाही हे समोरच दिसते आहे. अडचण आपल्या पद्धतीत नाही, A च्या स्वभावात आहे. कितीही हुशारीने अक्ष निवडले तरी ती जाणार नाही.

मग A च्या आत नेमके काय चालले आहे? यासाठी N कडे नीट पाहिले पाहिजे. N आडव्या (1, 0) ला (1, −1) वर पाठवते. उभ्या (0, 1) लाही तिथेच पाठवते. प्रतलातला प्रत्येक बाण एकाच रेषेवर येऊन पडतो, आणि ती रेषा म्हणजे आपली एकमेव आयगेनदिशा. पुन्हा N चालवली की त्या रेषेवरचे सगळे शून्य होते. म्हणजे N² = 0. हा दोन पायऱ्यांचा जिना आहे. वरच्या पायरीवरचा बाण खालच्या पायरीवर उतरतो आणि खालच्या पायरीवरचा शून्यात जातो. दुसरा आयगेनसदिश मिळत नाही, पण आयगेनसदिशावर उतरणारा बाण मिळतो, आणि तोच आपला दुसरा अक्ष.

खालच्या पायरीला v म्हणू, वरच्या पायरीला w. w = (1, 0) घेतला तर v = Nw = (1, −1). N च्या जागी A − 2I लिहिले की नियम असे होतात:

```
A v = 2v
A w = 2w + v
```

v निमूटपणे दुप्पट होतो. w ही दुप्पट होतो, पण जाताना सोबत एक v घेऊन जातो. v आणि w अक्ष धरले की A चे रूप असे दिसते:

```
J = [ 2  1 ]
    [ 0  2 ]
```

हे जॉर्डन रूप. कर्णावर आयगेनमूल्ये आणि त्यांच्या वर एक १. हा १ म्हणजे w ने सोबत नेलेला v. A बाबत यापेक्षा साधे रूप शक्य नाही.

पडताळ्यासाठी व्यस्त मॅट्रिक्स काढत बसायची गरज नाही. v आणि w उभे शेजारी मांडून P तयार करा आणि AP व PJ सारखे येतात का ते पाहा.

```
P = [  1  1 ]      AP = PJ = [  2   3 ]
    [ -1  0 ]                [ -2  -1 ]
```

सारखे आले. पेपरात चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, P मध्ये w आधी आणि v नंतर लिहिला जातो, मग १ कर्णाच्या खाली जातो. दोन, v आणि w स्वतंत्रपणे निवडले जातात. v = (2, −2) हाही आयगेनसदिशच आहे, पण त्याच्यासोबत w = (1, 0) घेतला तर १ च्या जागी अर्धा येतो. म्हणून मी नेहमी वरून खाली येतो. आधी w घ्यायचा, मग N लावून v काढायचा. w एकच असतो असेही नाही, (0, 1) घेतला तरी चालते. P बदलते, J तीच राहते.

कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाने हे रूप १८७० च्या आपल्या ग्रंथात मांडले. समीकरणे सोडवण्याची गॉस-जॉर्डन पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो विल्हेल्म जॉर्डन जर्मन भूमापनतज्ज्ञ होता. नावसाम्यामुळे दोघांची गल्लत होते.

दोन मितींत जिना एकतर दोन पायऱ्यांचा असतो किंवा नसतोच. मोठ्या मॅट्रिक्समध्ये एकाच आयगेनमूल्याचे अनेक जिने असू शकतात. जितके स्वतंत्र आयगेनसदिश तितके जिने, कारण प्रत्येक जिन्याची तळची पायरी एक आयगेनसदिश असते. पण तेवढ्याने नेहमी भागत नाही. चार मितींत मूळ चार वेळा आले आणि आयगेनसदिश दोन मिळाले, तर जिने २ आणि २ पायऱ्यांचे असतील की ३ आणि १ चे? N चा वर्ग करून पाहायचे. वर्ग शून्य आला तर दोन पावलांत सगळे संपले, म्हणजे २ आणि २. शून्य आला नाही तर एक बाण अजून उतरतो आहे, म्हणजे ३ आणि १.

त्या एका १ चा परिणाम पाहायचा असेल तर A पुन्हा पुन्हा चालवा. दहा वेळा चालवल्यावर w चे काय होते? दर वेळची दुप्पट मिळून १०२४ w. शिवाय दहापैकी कुठल्याही एका पावलावर तो v उचलू शकतो आणि उरलेल्या नऊ पावलांत तो दुप्पट होत जातो, म्हणून १० × ५१२ = ५१२० v. कर्णरूप मॅट्रिक्समध्ये फक्त घात वाढतात. इथे घातासोबत पावलांची संख्याही गुणक म्हणून येते.

संगणकाशी मात्र हे रूप जमवून घेत नाही. A मधला −1 बदलून −0.9999 करा. बहुपदी k² − 4k + 3.9999 होते आणि मुळे 2.01 व 1.99. मुळे वेगळी झाली, दोन दिशा मिळाल्या, मॅट्रिक्स कर्णरूपात गेली! पण त्या दिशा आहेत (1, −0.99) आणि (1, −1.01), जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या. शिवाय आपण बदल केला दहा हजारांश भागाचा आणि मुळे हलली शंभरांश भागाने, म्हणजे त्या बदलाच्या वर्गमुळाइतकी. संगणक दशांश आकडे सुमारे १६ अंकांपर्यंतच ठेवतो. सोळाव्या अंकातली चूक मुळात आठव्या अंकावर दिसते आणि मूळ दुबार होते हेच त्याला कळत नाही. उत्तरात दोन आयगेनसदिश जवळजवळ समांतर दिसले की समजावे, इथे जॉर्डनचा जिना लपलेला असू शकतो. आकडे पूर्णांक किंवा अपूर्णांक असतील तर ते अचूक ठेवणारे साधन वापरावे, उदाहरणार्थ पायथनमधले सिंपाय:

```
from sympy import Matrix
A = Matrix([[3, 1], [-1, 1]])
P, J = A.jordan_form()
```

मोजमापातून आलेल्या आकड्यांवर हे करू नये. तिथे शेवटचा अंक कधीच पक्का नसतो, आणि J मधला १ त्या शेवटच्या अंकावर टिकून असतो.

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दाराला वर एक आपोआप दार लावणारे यंत्र बसवलेले असते. आत स्प्रिंग असते आणि तेल. तेलाचा रोध कमी पडला तर स्प्रिंगवरची हालचाल पुढेमागे झुलू पाहते, दार आपटते. रोध जास्त झाला तर दार रेंगाळते. मधे एक सीमा आहे, जिथे ते न झुलता शक्य तितक्या लवकर मिटते. या हालचालीचे समीकरण स्थान आणि वेग यांची मॅट्रिक्स करून लिहिले, तर एका बाजूला संमिश्र मुळे येतात, दुसऱ्या बाजूला दोन वेगळी वास्तव मुळे. त्या सीमेवर दोन्ही मुळे एकत्र येतात आणि आयगेनदिशा एकच उरते. उदाहरणार्थ मूळ −२ असेल, तर दाराची चाल अशी:

```
x(t) = (a + b t) e^(-2t)
```

यातला t म्हणजे आपल्या हिशोबात ५१२ ला गुणणारा १०. J मधल्या त्याच १ मधून तो इथे आला आहे.