‘व्याजदर कमी करून मिळणेबाबत’

गृहकर्जाचा दर कमी व्हावा म्हणून शाखेत जे अर्ज दिले जातात, त्यांचा मजकूर बहुतेक एकाच साच्यातला असतो. विषयाच्या ओळीत ‘व्याजदर कमी करून मिळणेबाबत’. खाली, गेली अमुक वर्षे एकही हप्ता चुकवलेला नाही, आपल्या बँकेचा जुना ग्राहक आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. यात खोटे काहीच नसते. तरीही अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो, कारण अर्जदाराला जी आपली जमेची बाजू वाटते ती बँकेच्या लेखी कराराची साधी अट असते. हप्ते वेळेवर येतील असे धरूनच कर्ज मंजूर झाले आणि दरही तसाच ठरला. ठरल्याप्रमाणे वागल्याबद्दल बक्षीस द्यायचे, अशी सोय बँकांच्या कर्जधोरणात सहसा नसते. म्हणून चोख परतफेडीला बक्षिसाची मागणी न मानता पुरावा मानले पाहिजे. पुरावा कशाचा, हे अर्जात स्पष्ट लिहिले तरच त्याला वजन येते.

त्यासाठी आधी दर कशाचा बनतो ते पाहावे लागते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाला जोडलेली आहेत आणि बहुतेक बँकांनी हे मानक म्हणून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेतला आहे. रेपोवर बँक आपला स्प्रेड चढवते, की झाला आपला दर. रेपो हलला की दर आपोआप हलतो. त्यासाठी अर्ज लागत नाही आणि त्याबद्दल शाखाधिकाऱ्याला विनंती करून उपयोगही नाही. अर्जाचा विषय असतो तो फक्त स्प्रेड, आणि नेमका हाच शब्द बहुतेक अर्जांत नसतो. स्प्रेडचेही दोन भाग पडतात. एक क्रेडिट रिस्क प्रीमियम, म्हणजे हा कर्जदार पैसे बुडवील या शक्यतेची किंमत. दुसरा, बँकेचा कामकाजाचा खर्च आणि इतर बाबी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे पहिला भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला, तरच आणि करारात ठरले असेल त्याप्रमाणे बदलता येतो. दुसऱ्या भागात तीन वर्षांतून एकदाच बदल करता येत असे. ‘अजून तीन वर्षे झाली नाहीत’ हे काउंटरवरचे उत्तर तिथून आलेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र हा दुसरा भाग कर्जदाराच्या फायद्यासाठी तीन वर्षांच्या आतही कमी करायला बँकांना मोकळीक आहे. मोकळीक आहे, बंधन नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

एक हिशेब मांडून पाहू. समजा ३० लाख रुपये मुद्दल शिल्लक आहे आणि १८० हप्ते उरलेत. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांवर आला. आपल्या कर्जाचा स्प्रेड ३ टक्के असेल तर दर ८.२५ होतो आणि हप्ता सुमारे २९,१०० रुपये. त्याच बँकेने आज नव्याने येणाऱ्या, आपल्याइतकीच पत असलेल्या ग्राहकाला २.२५ टक्के स्प्रेड लावला, तर त्याला कर्ज साडेसात टक्क्यांनी पडते. फरक पाऊण टक्क्याचा. दर साडेसातवर आला आणि मुदत तशीच ठेवली तर हप्ता जवळपास १,३०० रुपयांनी उतरतो आणि पंधरा वर्षांत सव्वादोन लाखांहून थोडे अधिक वाचतात. हप्ता तोच ठेवून मुदत आटवली, तर कर्ज चौदा हप्ते आधीच फिटते आणि बचत चार लाखांच्या वर जाते. दर कमी करून घेण्याइतकाच महत्त्वाचा निर्णय या दोहोंपैकी काय मागायचे हा आहे, आणि तो अर्जातच लिहिलेला बरा. एरवी बँकेची प्रणाली तिच्या ठरलेल्या पद्धतीने काहीतरी एक करून मोकळी होते.

आता पुराव्याकडे वळू. चोख परतफेड दोन गोष्टी सिद्ध करू शकते. पहिली अशी की कर्ज घेताना जी पत होती ती आता सुधारली आहे. अनेक बँका सिबिल स्कोअरचे टप्पे पाडून त्याप्रमाणे स्प्रेड ठरवतात. मंजुरीच्या वेळी स्कोअर ७२०च्या आसपास असेल आणि आज तो ७९० असेल, तर कर्जदार वरच्या टप्प्यात गेलेला असू शकतो. शिवाय मुद्दल फिटत गेल्याने घराच्या किमतीच्या मानाने कर्जाचे प्रमाणही उतरलेले असते. हे दोन्ही एकत्र मांडले तर ‘पतमूल्यांकनात लक्षणीय बदल’ या शब्दांचा आधार घेता येतो. नुसते ‘हप्ते चुकवले नाहीत’ म्हटले तर मूल्यांकन होते तिथेच राहिले, असाही त्याचा अर्थ लावता येतो. मंजुरीच्या वेळीच स्कोअर ८००च्या घरात होता त्यांना म्हणूनच हा मुद्दा फारसा कामाचा नाही. त्यांनी दुसऱ्या मुद्द्यावर भर द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. स्वच्छ खाते असलेला कर्जदार दुसरी बँक आनंदाने घेते. थकबाकीदाराला जागा सोडून जाता येत नाही, नियमित हप्ते भरणाऱ्याला येते. बँकेला हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच कर्जदार बंदखात्याचे पत्र, म्हणजे फोरक्लोजर लेटर, आणि गहाण कागदपत्रांची यादी मागतो तेव्हा महिनोन्‌महिने गप्प असलेल्या बँकेकडून फोन येतो. ग्राहक टिकवणारे वेगळे टेबल बऱ्याच बँकांत असते आणि शाखाधिकाऱ्याला नसलेले अधिकार तिथे असतात. शाखेत अर्ज द्यायचा तो पोच आणि आवक शिक्का मिळावा म्हणून. निर्णय बहुधा कर्ज प्रक्रिया केंद्रात होतो.

पुरावा जोडण्याआधी तो स्वतः तपासावा. सिबिल अहवालात प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस थकले याचा आकडा असतो आणि तिथे सगळीकडे ‘०००’ दिसले की माणूस निर्धास्त होतो. पण महिन्याच्या ५ तारखेचा हप्ता खात्यात पैसे कमी म्हणून परत गेला आणि ७ तारखेला भरला गेला, तर अहवालाच्या नोंदीत ते दिसेलच असे नाही. बँकेच्या कर्जखात्याच्या उताऱ्यात मात्र हप्ता परत गेल्याची नोंद आणि त्याचा दंड दोन्ही असतात. ‘एकदाही चूक नाही’ असे लिहून सोबत उतारा जोडला आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक दंड निघाला, की सबंध अर्जाचा भरवसा जातो. अशी एखादी नोंद असेल तर ‘गेले ३० हप्ते देय तारखेला’ असे मर्यादित आणि खरे विधान करावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तेव्हा हे तपासायला खर्च नाही.

अर्जाचा गाभा मग चार-पाच वाक्यांत मावतो. ‘माझ्या कर्जाचा स्प्रेड मंजुरीपत्रानुसार ३ टक्के आहे. आपल्या आजच्या दरपत्रकात माझ्या स्कोअरच्या नव्या कर्जदाराला तो २.२५ टक्के आहे. मंजुरीच्या वेळचा व आजचा स्कोअर आणि कर्जखात्याचा उतारा सोबत जोडला आहे. स्प्रेड २.२५ टक्के करून हप्ता कायम ठेवावा व मुदत कमी करावी. शुल्क लागत असल्यास करांसह लेखी कळवावे आणि नकार असल्यास कारण लेखी द्यावे.’ सहानुभूतीचा उल्लेख नाही, तरी अर्ज उर्मट होत नाही. दुसऱ्या बँकेचे तत्त्वतः मंजुरीचे पत्र हाती असेल तर ते जोडावे. मात्र त्यासाठी एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात उमटते आणि ज्या स्कोअरच्या जोरावर मागणी करायची तोच थोडा खाली येतो.

यावर पहिला आक्षेप बँकेच्या बाजूने येतो. करार झाला, स्प्रेड मान्य करून सही केली, आता नव्या ग्राहकाचा दर जुन्याने का मागावा? कायद्याने हे बरोबर आहे. स्प्रेड कमी करण्याची सक्ती बँकेवर नाही आणि बँकेच्या व्यावसायिक निर्णयावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तक्रार घेत नाही. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, रेपो उतरूनही दर उतरवला नाही किंवा हिशेबात चूक केली, तर त्याच्याकडे जाता येते. ‘दर कमी केला नाही’ एवढ्यावर नाही. पण बरीचशी व्यवहारातली किंमत करारापलीकडच्या गणितावर ठरते. हे खाते गेले तर बँकेला तेवढेच चांगले दुसरे खाते शोधायला, तपासायला आणि नोंदवायला खर्च येतो. तो टाळण्यासाठी पाऊण टक्का सोडायचा का, याचे उत्तर तिने द्यायचे आहे. अर्जाने तिच्यापुढे फक्त तो प्रश्न नीट ठेवायचा.

दुसरा आक्षेप उलट बाजूने. एवढे कशाला, सरळ कर्ज हलवावे की. हलवण्याला मात्र आपला खर्च आहे. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचे मुद्रांक शुल्क आणि महाराष्ट्रात नोटीस ऑफ इंटिमेशनची फी. आपल्याच बँकेने स्प्रेड बदलण्याचे ५,९०० रुपये घेतले तर वरच्या उदाहरणात ते पाच हप्त्यांच्या आत भरून निघतात. मुद्दलाच्या अर्धा टक्का आणि वर जीएसटी, म्हणजे १७,७०० मागितले, तर चौदा महिने लागतात. हलवण्याचा खर्च याच पद्धतीने काढून शेजारी मांडावा. शेवटची दोन-तीन वर्षे उरलेल्या कर्जाला तर शुल्क सहसा परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा हिस्सा आधीच भरून झालेला असतो. गृहवित्त कंपन्यांना बाह्य मानकाचे बंधन नाही. त्या स्वतःच्या मानक दरावर चालतात, म्हणून तिथे शुल्क भरून दर बदलून घेणे हाच नेहमीचा मार्ग आहे.

होकार आला तरी काम संपत नाही. कधी जुन्या एमसीएलआरवरच्या कर्जदाराला रेपोवर आणतात आणि स्प्रेड असा बसवतात की हाती येणारा दर जवळजवळ पूर्वीचाच राहतो. कागदावर बदल झालेला असतो, खिशाला तो जाणवत नाही. काही ठिकाणी सवलतीच्या सोबत विम्याची पॉलिसी पुढे सरकवली जाते. सहीच्या आधी मानक, स्प्रेड आणि अंमलाची तारीख या तीन गोष्टी पाहाव्यात आणि पुढच्या महिन्यात परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून हप्त्यांची संख्या १८० वरून १६६ वर आली का ते मोजावे. आणि लेखी नकारच आला, तर हीच कागदपत्रे घेऊन दुसऱ्या बँकेत जा. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेला लावता येत नाही.