ऑपरेशनचे पैसे पॉलिसी देते का?

मागच्या महिन्यात शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचे पावरा भाऊ पॉलिसीचे कागद घेऊन आले. ते पिकअप चालवतात आणि दरवर्षी न चुकता हप्ता भरतात. पत्नीचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन त्यांनी धुळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात केले. बिल १८,००० रुपये झाले आणि कंपनीने दावा नाकारला. "दवाखान्यात दाखल केलं, टाके पडले, मग पैसे का नाही, ताई?" त्यांनी विचारले.

मी कागद चाळले. साधी आरोग्य पॉलिसी कोणत्याही कंपनीची असो, न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत एक कलम असते: गर्भनिरोधन, नसबंदी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया. आजार किंवा अपघात झाला तर विमा. हे ऑपरेशन आपण ठरवून करतो, म्हणून ते बाहेर. कामावरून मिळणाऱ्या काही गट पॉलिसींत वेगळी सवलत असू शकते, ती वाचून पाहावी. एजंट हे आपणहून सांगत नाही.

खरे तर हेच ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होते. वर आदिवासी भगिनीला बुडालेल्या मजुरीबद्दल ६०० रुपये मिळतात. पण त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात केलेले ऑपरेशन फसून दिवस राहिले, तर सरकार ६०,००० रुपये भरपाई देते. ऑपरेशनमुळे सात दिवसांत मृत्यू झाला तर कुटुंबाला ४ लाख. मान्यता नसलेल्या खाजगी दवाखान्याला हे लागू नाही. त्यामुळे या भाऊंनी पैसे दिले आणि हे संरक्षणही गमावले.

चोपडा तालुक्यातल्या एका भगिनीला ऑपरेशननंतर दीड वर्षाने पाळी चुकली. तिला वाटले, अशक्तपणा असेल. आशाताईंनी लघवीची तपासणी केली, मग सोनोग्राफी झाली. तिच्याकडे नसबंदीचे प्रमाणपत्र जपलेले होते, म्हणून दवाखान्यातूनच अर्ज जिल्ह्याला गेला. अर्जाची मुदत दिवस गेल्याचे कळल्यापासून ९० दिवस आहे. आमच्या भागात बायका ऊसतोडीला जातात, तिथेच मुदत निघून जाते.

प्रमाणपत्र ऑपरेशनच्या दिवशी मिळत नाही. स्त्रीला साधारण महिन्याने किंवा पुढची पाळी आल्यावर मिळते. पुरुषाला तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसल्यावरच मिळते. तोवर निरोध वापरावाच लागतो. हे कोणी घ्यायला परत जात नाही, आणि पुढे अर्ज तिथेच अडतो.

पाळी चुकून एका बाजूला ओटीपोटात कळा येत असतील, चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. ऑपरेशन फसल्यावर हा धोका जास्त असतो. तेव्हा कागद राहू द्या, आधी मोठा दवाखाना गाठा. गंमत म्हणजे बाळंतपण वगळणारे कलमही नळीतल्या गर्भाचा उपचार वगळत नाही, म्हणून तेव्हा पॉलिसी सोबत न्या.