करड्या डोंगराचा हिरवा कोणता?

रंगीत फिल्म सर्रास मिळू लागण्याआधी कृष्णधवल छायाचित्रं हातानं रंगवणं हा चांगला चालणारा धंदा होता. अमेरिकेत वॉलेस नटिंग नावाच्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुललेल्या बागा, ओढे आणि गावरस्ते यांची अशी रंगवलेली निसर्गचित्रं मोठ्या प्रमाणावर विकली. रंग भरायचं काम त्याच्या स्टुडिओतल्या मुली करत. रंग पातळ आणि पारदर्शक असे. झाडाची सावली किंवा पाण्यावरची चमक त्यांना रंगवावी लागत नसे. ती छायाचित्रात आधीच असे आणि वरच्या रंगातून आरपार दिसे.

आज हेच काम संगणकावर फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या जिंपमध्ये करता येतं. ब्रशच्या जागी माउस आला, पण तत्त्व तेच राहिलं: उजेड-अंधार फोटोचा, रंग आपला.

उदाहरणासाठी मावळातलं एक दृश्य घेऊ. पुढे भाताची खाचरं, मध्ये आंब्याची झाडं आणि एक कौलारू घर, मागे डोंगराची रांग, वर आभाळ. हंगाम गणपतीनंतरचा. स्कॅन पिवळट आला असेल तर आधी त्याचा रंग पूर्ण काढून टाकावा. फाइल मात्र `RGB` मोडमध्येच हवी, कारण `Grayscale` मध्ये कुठलाही रंग करडाच उमटतो. मूळ फोटो सर्वांत खालच्या लेयरवर ठेवून कुलूपबंद करावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये.

आता खाचरांसाठी एका रंगाचा सपाट लेयर वर टाका. तो सगळं चित्र झाकून टाकेल. त्याचा ब्लेंड मोड `Normal` वरून `Color` करा (जिंपमध्ये `HSL Color`). या मोडमध्ये वरच्या लेयरची फक्त रंगछटा आणि तिचा गडदपणा घेतला जातो, उजळपणा खालच्या फोटोचाच राहतो. त्यामुळे भाताची पाती न् पाती, बांधाची सावली, अगदी फिल्मचे कणसुद्धा शाबूत राहतात. मग लेयरला काळा मास्क लावा, म्हणजे रंग नाहीसा होईल. मऊ कडेच्या ब्रशने मास्कवर पांढरं फिरवलं, की तेवढ्याच जागी रंग परत येतो. ब्रशची तीव्रता वीस-तीस टक्के ठेवून दोन-तीन हात मारावेत. चुकलं तर काळा ब्रश फिरवला की पुसलं जातं.

फोटो खोटा दिसायला लागतो तो इथूनच, कारण हिरवा म्हटला की आपण पोपटाचा हिरवा उचलतो. प्रत्यक्षातला गवताचा किंवा भाताचा हिरवा पिवळ्याकडे बराच झुकलेला आणि आपल्याला वाटतो त्याहून मळका असतो. रंग निवडायच्या चौकटीत `H` 75, `S` 40, `B` 60 असे आकडे घालून बघा. सुटा पाहिला तर हा रंग शेवाळी आणि निस्तेज वाटतो, पण खाचरांवर पडला की भात दिसायला लागतो. आंब्याला हाच हिरवा चालत नाही. त्याचा लेयर वेगळा करून `H` 100 च्या आसपास न्यावा, `S` 30 वर आणावा. मागच्या डोंगरावरही झाडीच आहे, पण मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश तिच्यावर पसरलेला असतो. म्हणून तिथे `H` 210 चा निळसर करडा, तोही `S` 15 पुरे. जवळचा हिरवा पिवळट, मधला गडद, लांबचा निळा अशा तीन पायऱ्या पडल्या की सपाट फोटोला खोली येते. एकच हिरवा सगळीकडे फिरवला, तर डोंगर खाचराला येऊन चिकटतो.

कौलांना विटकरी तांबडा द्यावा, पण सारखा नको. उन्हाकडच्या उतारावर तो नारिंगीकडे न्यावा, वळचणीखाली कमी करावा. दगड, पायवाट, झाडाचं खोड हे करडेच असतात म्हणून सोडून देऊ नयेत. रंगीत भागांच्या शेजारी न रंगवलेला करडा मेलेला दिसतो. यावर जुन्या कारागिरांचा एक उपाय होता: रंग भरण्याआधी प्रिंटला तपकिरी सेपिया छटा देणं. आपणही सगळ्या रंगांच्या खाली, मूळ फोटोच्या लगेच वर, फिकट तपकिरीचा एक लेयर `Color` मोडमध्ये दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवावा. राहून गेलेल्या जागा मग उघड्या पडत नाहीत.

खरी अडचण येते आभाळात. जुन्या फिल्म आणि काचेच्या प्लेट निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, त्यामुळे निळं आभाळ फोटोत पांढरंफटक येई. `Color` मोड खालचा उजळपणा पाळतो आणि पूर्ण पांढऱ्याला कुठलाही रंग दिला तरी तो पांढराच राहतो. तुम्ही कितीही निळा फासा, काही घडत नाही. इथे `Multiply` लागतो. या मोडमध्ये पांढऱ्यावर पडलेला रंग जसाच्या तसा उमटतो आणि काळं काळंच राहतं. फिकट निळ्याचा ग्रेडियंट घ्या: माथ्यावर `S` 25, `B` 95 आणि क्षितिजाकडे उतरत जवळजवळ पांढरा. आभाळ खऱ्या निसर्गातही असंच खाली फिकट होत जातं.

या मोडचा आणखी एक फायदा आहे. आंब्याच्या शेंड्यावरच्या फांद्या, पानं यांभोवती मास्क कोरत बसावं लागत नाही. निळा सरळ फांद्यांवरून जाऊ द्या, गडद फांदीवर त्याचा मागमूस दिसत नाही. मास्क कोरत बसलं तर फांदीभोवती पांढरी कड राहते, आणि फोटो रंगवलेला आहे हे सांगणारी पहिली खूण तीच असते. म्हणून शेवटी फोटो दुप्पट मोठा करून क्षितिजाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी.

ऊन दाखवायचं असेल तर फिकट पिवळ्याचा एक लेयर `Soft Light` मध्ये, पंधरा-वीस टक्क्यांवर, फक्त उजेड पडलेल्या भागांवर द्यावा. हा मोड उजळपणाही बदलतो. त्यामुळे जास्त झाला, की भाताच्या लोंब्यांचा तपशील पांढऱ्यात विरून जातो.

सगळे रंगाचे लेयर एका ग्रुपमध्ये घाला. फोटोशॉपमध्ये ग्रुपचा मोड `Pass Through` च राहू द्यावा. तो `Normal` केला तर आतल्या लेयरचा खालच्या फोटोशी संबंध तुटतो. मग काम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. रंगवताना डोळा रंगाला सरावतो आणि आपण नकळत वाढवत नेतो. सकाळी पाहिलं तर बहुतेक वेळा सगळंच भडक झालेलं असतं. ग्रुपची तीव्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणली, की चित्र जागेवर येतं.

एक मर्यादा मात्र कुठल्याच मोडने ओलांडता येत नाही. तांबडा आणि हिरवा कृष्णधवल फोटोत एकाच करड्यात उतरू शकतात. भाताचा हिरवा अनुभवावरून सांगता येतो. घराच्या दाराचा किंवा बांधावरच्या बाईच्या लुगड्याचा रंग सांगता येत नाही, तो आपण ठरवलेला असतो. म्हणून असा फोटो कुणाला देताना किंवा छापताना खाली ‘रंग नंतर भरले आहेत’ एवढं लिहा, आणि मूळ कृष्णधवल फाइल वेगळी जपून ठेवा.