समजून घ्या : अंगदुखीची गोळी किडनीला कधी महागात पडते? आणि मग घ्यायचं तरी काय?

उन्हाळ्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या दिवसांत किंवा मंचर परिसरात कांदा काढणी जोरात असताना मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दादा, अंग लय दुखतंय, एक गोळी द्या." गोळीचं नाव कुणी विचारत नाही. 'पांढरी', 'पिवळी', 'ती मागच्या वेळची' एवढ्यावर काम भागतं. गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं आणि माणूस पुन्हा वावरात जातो.

यातल्या बहुतेक गोळ्या निरोगी तरुण माणसाने दोन-तीन दिवस घेतल्या तर सहसा काही बिघडत नाही. पण वय साठीच्या आसपास, बीपीची गोळी चालू, अंगातलं पाणी घामाने कमी झालेलं आणि त्यात ही गोळी असं एकत्र आलं, की किडनी काही दिवसांत अडचणीत येऊ शकते. असं का होतं, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला सहज समजेल, कारण त्याच्या शेतात ठिबक आहे.

किडनीचं काम ठिबकच्या फिल्टरसारखं

ठिबकचा फिल्टर नीट चालायला दाब लागतो. दाब तीन गोष्टींवर ठरतो : पंपाकडून येणारं पाणी, आत येणारा व्हॉल्व्ह किती उघडा आहे आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह किती आवळला आहे.

किडनीतही असंच आहे. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका नळीने येतं आणि दुसरीने बाहेर पडतं. अंगात पाणी कमी झालं, की शरीर प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं रसायन तयार करून आत येणारी नळी रुंद ठेवतं. त्यामुळे रक्त कमी असलं तरी गाळण चालू राहते.

वेदनाशामक गोळी नेमकं हेच रसायन बनू देत नाही. दुखणं आणि सूज त्यामुळेच कमी होते, पण किडनीकडे येणारा व्हॉल्व्हही आवळला जातो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या बाहेर जाणारा व्हॉल्व्ह सैल करतात. एरवी हे किडनीच्या फायद्याचंच असतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने किंवा दिवसभराच्या घामाने पंपाचं पाणीही कमी होतं. तिन्ही गोष्टी एकदम घडल्या, की फिल्टरमधला दाब संपतो.

या गोळ्या ओळखायच्या कशा?

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं. ते सोडा आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, केटोरोलॅक, इटोरिकॉक्सिब आणि पाळीच्या दुखण्यावर घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी एकाच कुळातली औषधं आहेत. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं. पॅरासिटामॉल वेगळं आहे. पण बऱ्याच गोळ्यांत 'पॅरासिटामॉल अधिक असेक्लोफेनॅक' अशी जोडी असते, आणि लोक ती साधी तापाची गोळी समजून घेतात.

इथे तीन गैरसमज नेहमी दिसतात. गोळी जेवणानंतर घेतली किंवा सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर पोट सांभाळलं जातं, किडनी नाही. इंजेक्शन घेतलं तरी औषध रक्तातूनच किडनीत जातं, त्यामुळे तोच धोका राहतो. आणि 'मी रोज कुठं घेतो, फक्त कामाच्या दिवसांत घेतो' हाही दिलासा खरा नाही. किडनीसाठी सर्वांत वाईट वेळ म्हणजे नेमके तेच घामाचे दिवस.

एक उदाहरण पाहू

हे उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या ओळखीची आहे. ५८ वर्षांचा शेतकरी. सहा वर्षांपासून बीपी आहे. रोज टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी घेतो. गेल्या वर्षीचं क्रिएटिनिन १.१.

एप्रिलमध्ये कांदा काढणी सुरू झाली. गुडघे दुखायला लागले म्हणून त्याने डायक्लोफेनॅक सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. पाचव्या दिवशी जुलाब लागले. पाणी पोटात टिकेना, तरी बीपीची आणि दुखण्याची दोन्ही गोळ्या चालूच ठेवल्या. अशक्तपणा वाटला म्हणून गावात एक दुखण्याचं इंजेक्शनही घेतलं. सातव्या दिवशी दिवसभरात लघवी जेमतेम दोनदा झाली, मळमळ सुरू झाली. तपासणीत क्रिएटिनिन ३.४ आलं.

रुग्णालयात दाखल केल्यावर वेदनाशामक बंद केलं, बीपीची गोळी डॉक्टरांनी काही दिवस थांबवली आणि सलाइन दिलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३ वर आलं. वेळेत आलं तर किडनी अशी बरीच सावरते. पण १.३ म्हणजे पुन्हा १.१ नव्हे. दर हंगामात असा एक झटका बसत गेला, तर किडनी थोडी थोडी कायमची खराब होत जाते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे वाचून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. वाढलेलं बीपी किडनीला जास्त खराब करतं. बंद करायची ती दुखण्याची गोळी. जुलाब-उलट्या लागल्या तर बीपीच्या गोळीचं काय करायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

मग आयुर्वेदिक पुडी बरी का?

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा हिरड्यासाठी ओळखला जातो. रानातल्या औषधांची माहिती इथल्या घराघरांत आहे, आणि प्रत्येक वनस्पती किडनीला घातक असते असं अजिबात नाही. अडचण आहे ती नाव-गाव नसलेल्या पुडीची आणि काही ठराविक गोष्टींची.

पहिली अडचण भेसळीची. सांधेदुखीच्या सुट्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत स्टेरॉइड किंवा चक्क डायक्लोफेनॅक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. खूण सोपी आहे : वर्षानुवर्षांचं दुखणं एक-दोन दिवसांत गायब होतं, भूक वाढते, काही आठवड्यांत चेहरा गोल दिसू लागतो आणि साखर वाढते. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सल्ल्याने हळूहळू सोडा.

दुसरी अडचण पाऱ्याची. काही भस्मांत आणि रसकल्पांत पारा असतो. पाऱ्यामुळे किडनीच्या गाळणीतून प्रथिनं निसटू लागतात. डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा औषधांचा आणि एका विशिष्ट किडनीविकाराचा संबंध मांडला. इथली खूण म्हणजे लघवीला साबणासारखा फेस येतो, तो लवकर विरत नाही, आणि पायांवर, डोळ्यांखाली सूज दिसते.

तिसरी अडचण ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींची. सापसन आणि किडामारी या त्यातल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक महिलांच्या किडन्या खराब झाल्या. हे नुकसान भरून येत नाही, पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही होऊ शकतो. या दोन वनस्पती पोटातून घेऊच नयेत.

सुरक्षित पर्याय कोणता?

ताप आणि साध्या अंगदुखीसाठी पहिली निवड पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवावं. असं केलं तर दिवसभरात चारपेक्षा जास्त गोळ्या होत नाहीत. जास्त घेतली तर यकृताला धोका असतो. दारू घेणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि वजन खूप कमी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. पावसाळ्यातल्या तापात, डेंग्यूची शंका असताना तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी नकोच.

गुडघा किंवा कंबर एकाच जागी दुखत असेल तर लावायचं जेल वापरून पाहा. जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फार थोडं असतं. किडनीचा आजार आधीच असेल तर मात्र जेलसाठीही विचारून घ्या. गरम पाण्याची पिशवी, मांडीचे स्नायू मजबूत करणारे व्यायाम आणि चालताना काठी यांचा गुडघ्याला खरोखर उपयोग होतो, फक्त फरक दिसायला काही आठवडे लागतात.

पॅरासिटामॉलने प्रत्येक दुखणं थांबत नाही, हेही खरं. सांध्याला सूज असेल, सकाळी बोटं आखडत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याचं निदान करून घ्या. डॉक्टरांनी वेदनाशामक लिहून दिलंच, तर आपल्याला बीपी, साखर, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास आहे हे सांगा आणि ते किती दिवस घ्यायचं, हे विचारून घ्या.

तपासणी कोणती करायची?

सुरुवातीला किडनी काहीच जाणवू देत नाही. म्हणून बीपी किंवा साखर असणाऱ्यांनी आणि नेहमी गोळी घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं.

रिपोर्टमध्ये फक्त क्रिएटिनिनचा आकडा पाहू नका. ६५ वर्षांच्या महिलेचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर काही लॅबच्या रिपोर्टवर ते नॉर्मलमध्ये दिसतं. पण वय आणि स्त्री-पुरुष फरक धरून काढलेला गाळणीचा वेग, म्हणजे ईजीएफआर, जवळपास ५० येतो. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजला जातो. अशा महिलेला 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणत गुडघ्याची गोळी देणं महागात पडू शकतं. त्यामुळे लॅबला ईजीएफआर लिहून द्यायला सांगा.

आज घरी एवढं करा : आई-वडिलांच्या डब्यातल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे, पुडी असेल तर तिचाही, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. औषधाचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये गेलात, की 'पांढरी गोळी' म्हणण्याऐवजी हा फोटो दाखवा.