घर्षण नगण्य मानले, तर उत्तर कितीने चुकते?

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये साध्या लंबकाच्या प्रयोगाला एक ठरलेली सुरुवात असते. दोरा वजनरहित आहे, गोळा बिंदुवत आहे, झोका लहान आहे, हवेचे घर्षण नगण्य आहे. ही वाक्ये वर्षानुवर्षे जशीच्या तशी उतरवली जातात. मग गुरुत्व त्वरणाचे, म्हणजे g चे, उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही आणि शेवटच्या रकान्यात लिहिले जाते : फरक हवेच्या घर्षणामुळे. वर जे नगण्य म्हटले, खाली त्याच्यावरच खापर! दोन्ही वाक्ये एकाच पानावर खरी असू शकत नाहीत, आणि कोणते खोटे हे ठरवायला कागद-पेन्सिल पुरते.

एक मीटर लांबीचा लंबक घेऊ. दोन सेंटिमीटर व्यासाचा पितळी गोळा, शिवणाचा दोरा, हातात स्टॉपवॉच. दोलनकालाचे सूत्र T = 2π√(L/g). महाराष्ट्रात g साधारण 9.79 मीटर प्रति सेकंद वर्ग असतो, म्हणून एका दोलनाला 2.01 सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. वीस दोलने मोजली, 40.86 सेकंद लागले. सूत्रात घातले की g येतो 9.46. जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी कमी.

आधी घर्षणाचा हिशेब करू, कारण आरोपी म्हणून सर्वांत आधी त्याचेच नाव येते. हवेमुळे झोका हळूहळू लहान होत जातो, हे डोळ्यांना दिसते; म्हणूनच संशय तिकडे जातो. पण झोका लहान होणे आणि दोलनाला लागणारा वेळ बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाच्या प्रमाणात रोध धरला आणि वीस दोलनांत झोका चक्क निम्म्यावर आला असे मानले, तरी दोलनकाल वाढतो तो टक्क्याच्या सुमारे दीड हजारांशाने. चाळीस सेकंदांत हा फरक सेकंदाच्या हजारांशापेक्षाही कमी. पितळी गोळ्याचा झोका तर इतक्यात निम्मा होतही नाही. साडेतीन टक्क्यांची चूक घर्षणाने केलेली नाही.

गोळा बिंदुवत मानण्याची किंमत त्याहून फार मोठी नाही. लांबी टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली असेल, तर एक सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यामुळे g मध्ये टक्क्याच्या चार हजारांशाइतका फरक पडतो. मात्र लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली, तर L एक टक्क्याने कमी आणि g ही एक टक्क्याने कमी. हे गृहीतकाचे अपयश नव्हे, पट्टी धरणाऱ्याची चूक आहे. जर्नलमध्ये दोन्ही ‘त्रुटी’ या एकाच नावाखाली जातात, हे मात्र घातक आहे.

दोऱ्याच्या वजनाचा परिणाम उलट्या दिशेला जातो. दोऱ्याला वजन असले की लंबक किंचित लवकर झुलतो आणि g जास्त येतो. किती, तर दोऱ्याचे वजन भागिले गोळ्याच्या वजनाची सहापट. शिवणाच्या दोऱ्याला हे अगदीच किरकोळ. दोन ग्रॅमची सुतळी आणि पन्नास ग्रॅमचा गोळा असेल, तर सुमारे पाऊण टक्का. पण आपले उत्तर जास्त नाही, कमी आले आहे. दिशाच जुळत नाही म्हटल्यावर हा संशयित आकडेमोड न करताही सुटतो. गृहीतक लिहिताना ते उत्तराला वर ढकलते की खाली, हे सोबत लिहिण्याचा हा रोकडा फायदा आहे.

उरला झोका. सूत्र काढताना कोनाची साइन कोनाइतकीच मानलेली असते. खरा दोलनकाल त्याहून थोडा मोठा असतो आणि ही वाढ साधारणपणे कोनाच्या वर्गाप्रमाणे होते. पाच अंशांना ती टक्क्याच्या विसाव्या भागाइतकी, दहा अंशांना पाचव्या भागाइतकी, तीस अंशांना पावणेदोन टक्के. सूत्रात T चा वर्ग असल्यामुळे g मधली चूक दुप्पट होते : तीस अंशांना साडेतीन टक्के, आणि तीही कमीच्या बाजूला. आकडा जुळला, दिशाही जुळली. तरी एवढ्यावर थांबू नये. तोच लंबक पाच अंशांनी सोडून पुन्हा वीस दोलने मोजावीत. वेळ 40.18 सेकंदांच्या आसपास आला, तर g 9.78 येतो आणि निदान पक्के होते. पाऊण सेकंदाजवळचा हा फरक साध्या स्टॉपवॉचलाही कळतो.

पण पाच अंशांवर सगळे ठीक झाले, असे कोणत्या मापाने म्हणायचे? स्टॉपवॉच दाबताना सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी चूक सहज होते. चाळीस सेकंदांत ती अर्धा टक्का, g मध्ये एक टक्का. पाच अंशांच्या झोक्याची चूक त्याच्या दहाव्या भागाइतकी आहे, म्हणून ती सोडून देता येते. ‘नगण्य’ याचा एवढाच अर्थ : आपल्या मोजमापाच्या चुकीपेक्षा बरेच लहान.

प्रश्न बदलला की हा निवाडाही बदलतो. तोच पाच अंशांचा झोका लंबकाच्या घड्याळात, दुरुस्ती न करता, सूत्रावर विसंबून वापरला, तर घड्याळ दिवसाला सुमारे 41 सेकंद मागे पडेल. 1656 साली लंबकाचे घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सने याच कारणासाठी पुढे टांगणीच्या दोन्ही बाजूंना चक्रज वक्राकार गाल बसवले, म्हणजे झोका कितीही असो, वेळ तेवढाच लागावा. आणि लंबक थांबायला किती वेळ लागेल असे विचारले, तर घर्षण नगण्य मानून उत्तरच देता येत नाही; घर्षण नाही, तर तो थांबणारच नाही.

हवा मात्र घर्षणाशिवायही काम करते. ती गोळ्याला किंचित वर उचलते. पितळ हवेच्या सुमारे सात हजारपट जड असल्याने g मध्ये फरक टक्क्याच्या सत्तराव्या भागाएवढा. त्याच मापाचा थर्मोकोलचा गोळा घनमीटरला वीस किलोचा धरला, तर निव्वळ या उचलण्यामुळे g सहा टक्क्यांनी कमी दिसेल.

हे प्लावक बल जुन्या संशोधकांनाही माहीत होते आणि ते त्याची दुरुस्ती करत. लंडनमध्ये कॅप्टन हेन्री केटरने 1818 च्या सुमारास सेकंद-लंबकाची लांबी काढली, तीही अशीच दुरुस्ती करून. तिच्यावर इतका विश्वास होता की ब्रिटनच्या 1824 च्या कायद्याने ठरवले : प्रमाण यार्ड कधी हरवला, तर तो या लांबीवरून पुन्हा तयार करावा. चारच वर्षांनी कोनिग्जबर्गच्या बेसेलने सारख्या आकाराचे पितळी आणि हस्तिदंती गोळे झुलवून दाखवले की तेवढी दुरुस्ती पुरत नाही. झुलणारा गोळा भोवतालची हवाही सोबत ओढतो, आणि तिचेही वजन हिशेबात धरावे लागते. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांच्या हिशेबात भोवतालची हवा स्थिर आहे, हे गृहीतक न लिहिताच बसलेले होते. 1834 साली पार्लमेंटच्या आगीत प्रमाण यार्ड खरोखरच निकामी झाला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने 1841 च्या अहवालात अशा दुरुस्त्यांमधल्या शंका नोंदवल्या, लंबकाचा मार्ग नाकारला, आणि नवा यार्ड जुन्याशी ताडून पाहिलेल्या धातूच्या पट्ट्यांवरून तयार करण्याची शिफारस केली.